नव्या सेल्समनचे पहिले नव्वद दिवस

किराणा दुकानांत बिस्किटे, मसाले, साबण पोचवणाऱ्या कंपन्यांत विक्री दोनदा मोजली जाते. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला माल दिला की ती ‘प्रायमरी’ आणि डिस्ट्रिब्युटरकडून तो दुकानांत गेला की ‘सेकंडरी’. नव्या सेल्समनच्या पहिल्या तीन महिन्यांची आखणी बिघडते ती बहुतेक वेळा या दोन आकड्यांची गल्लत झाल्यामुळे.

समजा, मसाल्याच्या एका कंपनीने कराडच्या बाजारासाठी एक मुलगा घेतला. त्याच्याकडे आठवड्याच्या सहा दिवसांसाठी सहा बीट आहेत, म्हणजे रोजचे ठरलेले रस्ते, आणि प्रत्येक बीटवर साधारण चाळीस दुकाने. पहिल्याच महिन्यात त्याला रुपयांचे टार्गेट दिले, तर तो दुकानदाराला नव्हे, डिस्ट्रिब्युटरला गळ घालील. तेच सोपे असते. डिस्ट्रिब्युटरकडे महिन्याच्या सुरुवातीला दोन लाखांचा माल होता, त्याने आणखी सहा लाखांचा घेतला आणि महिनाअखेरीस गोदामात साडेचार लाखांचा शिल्लक राहिला, असे धरू. कंपनीच्या वहीत सहा लाखांची विक्री दिसते. दुकानांत मात्र साडेतीन लाखांचाच माल गेलेला असतो. उरलेला साठा या वेगाने महिनाभराहून जास्त पुरेल, म्हणून पुढच्या महिन्याची ऑर्डर कोसळते आणि ज्याचे पहिल्या महिन्यात कौतुक झाले, त्याचीच मग कानउघाडणी होते. माझ्या मते यात दोष आखणी करणाऱ्याचा आहे.

म्हणून पहिला महिना शिकण्याचा ठेवावा. मालाची माहिती म्हणजे माहितीपत्रक पाठ करणे नव्हे. कोणते पाकीट जास्त खपते, पेटीत किती नग येतात, मुदत संपलेला माल परत घेतात का आणि शेजारच्या कंपनीचा भाव काय, हे दुकानदार विचारतो. त्याहून महत्त्वाचा असतो काउंटरवरचा हिशेब. दहा रुपयांचे पाकीट दुकानदाराला ८.८० रुपयांना पडते आणि ‘बारावर एक फुकट’ अशी स्कीम आहे, असे घ्या. बारा पाकिटांचे १०५.६० रुपये देऊन तो तेरा पाकिटे १३० रुपयांना विकतो, म्हणजे २४.४० रुपये सुटतात. स्कीम नसती तर १४.४० सुटले असते. हे उभ्या उभ्या सांगता येते का, हीच त्या महिन्याची परीक्षा.

याच काळात तो अनुभवी सेल्समनबरोबर फिरतो. पहिल्या आठवड्यात त्याने फक्त पाहावे. आधी फळीवरचा माल मोजायचा, जुने बिल विचारायचे, मगच ऑर्डरचे बोलायचे, हा क्रम डोळ्यांत बसायला हवा. पुढच्या आठवड्यापासून भूमिका बदलावी, म्हणजे नव्याने बोलायचे आणि जुन्याने गप्प उभे राहायचे. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड. दुकानदार ओळखीच्या माणसाकडे वळतो, जुना माणूस दोन वाक्यांत ऑर्डर काढतो आणि नवा पुन्हा पिशवी धरून उभा. चूक झाली तरी दुकानात बोलू नये, बाहेर पडल्यावर सांगावे. सोबतीचे दिवस महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात लावावेत. शेवटच्या आठवड्यात जुन्याला स्वतःचे टार्गेट गाठायचे असते आणि सोबत हमखास रद्द होते. शिवाय जुन्यांच्या खोडीही शिकल्या जातात. एका जागी बसून फोनवर ऑर्डर घेणे ही त्यांतली नेहमीची. मोबाइलवर नोंदलेल्या दहा-बारा ऑर्डर पाचच मिनिटांतल्या दिसल्या, की ओळखावे.

दुसऱ्या महिन्यात टार्गेट द्यावे, पण ऑर्डर देणाऱ्या दुकानांचे. याच बीटवर जुना सेल्समन चाळिसांपैकी बावीस दुकानांतून ऑर्डर आणत असेल, तर नव्याकडून चौदा-पंधरांची अपेक्षा रास्त आहे. प्रत्येक दुकानातून किती प्रकारचा माल गेला, हेही पाहावे. एकच चालणारे पाकीट सगळीकडे विकले जात असेल, तर तो विकत नाही, दुकानदार मागेल ते लिहून घेतो आहे.

रुपये येतात ते तिसऱ्या महिन्यात, आणि तेही सेकंडरीचेच. त्या भागाच्या नेहमीच्या विक्रीच्या साठ-सत्तर टक्क्यांपासून सुरुवात करावी. मात्र दिवाळीचा महिना मध्ये आला, तर तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, नाहीतर सणाची मागणी त्याच्या नावावर जमा होते. तोवर इन्सेन्टिव्ह बुडत असेल, तर ठरावीक रक्कम द्यावी. नाहीतर घरखर्चासाठी तो पुन्हा डिस्ट्रिब्युटरच्या गोदामाकडेच वळेल.

हे वेळापत्रक रोजच्या खपाच्या मालाचे आहे. ज्या यंत्राचा सौदा व्हायला सहा महिने लागतात, तिथे नव्वद दिवसांत विक्री मोजण्यात अर्थ नाही. किती कारखान्यांनी यंत्र चालवून पाहिले आणि किती जणांनी लेखी दर मागितला, एवढेच तिथे मोजता येते.

नव्वदाव्या दिवशी सुपरवायझरने एका बीटवर पूर्ण दिवस त्याच्यासोबत फिरावे आणि नंतर डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात जाऊन साठा स्वतः मोजावा. दुकाने वाढली आहेत आणि साठा पंधरा-वीस दिवसांचाच आहे, तर चौथ्या महिन्यापासून पूर्ण टार्गेट द्यायला हरकत नाही. दुकाने तेवढीच आणि साठा फुगलेला असेल, तर आधी तो माल दुकानांत उतरू द्यावा आणि त्या महिन्यात नवी प्रायमरी मागू नये.