निरोपाचे तुकडे आणि ‘१/३’ची खूण

मोबाइलवरून मराठीत लांब निरोप पाठविला की तो एकसंध जात नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट जागा असते. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरे बसतात. देवनागरीत मात्र ७०च. त्यातही काना, मात्रा, वेलांटी व हलन्त हे सर्व वेगवेगळे मोजले जातात. ‘विद्यार्थी’ हा आपल्याला तीन अक्षरांचा दिसणारा शब्द दहा जागा खातो!

निरोप ७०च्या पुढे गेला की फोन त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर ६ बाइटांची पट्टी लावतो. त्यामुळे मजकुराला ६७ जागा उरतात. १५० जागांचा निरोप ६७, ६७ आणि १६ अशा तीन तुकड्यांत जातो. पट्टीत तीन गोष्टी महत्त्वाच्या: हा निरोप कोणता, त्याचे एकूण तुकडे किती आणि हा कितवा. निरोपाचा क्रमांक नसता तर एकाच माणसाच्या दोन निरोपांचे तुकडे एकमेकांत मिसळले असते. तुकडे मागेपुढे पोहोचले तरी घेणारा फोन या पट्टीवरून ते जुळवतो.

हाताने तुकडे करून निरोप पाठविताना हे काम आपल्यालाच करावे लागते. समजा, विद्यार्थ्यांना असे तीन निरोप गेले: ‘शिष्यवृत्तीचे अर्ज सोमवारपासून मिळतील.’ ‘उत्पन्नाचा दाखला व गुणपत्रिका जोडावी.’ ‘भरलेला अर्ज शुक्रवारी पाचपर्यंत द्यावा, नंतर घेतला जाणार नाही.’ तिसरा पोहोचलाच नाही, तर पहिले दोन वाचणाऱ्याला काही राहिले आहे अशी शंकाही येणार नाही. वाक्ये पुरी आहेत, अर्थ लागतो. तो निर्धास्तपणे शनिवारी अर्ज घेऊन येईल.

यावर पुष्कळजण नुसते ‘भाग १’, ‘भाग २’ लिहितात. आमच्या मते ते अपुरे आहे. मधला भाग हरवला तर १ नंतर एकदम ३ दिसल्याने कळते. शेवटचा हरवला तर कळत नाही. आणि मुदत, वेळ, ‘नाही’ हे आपल्या भाषेत बहुधा शेवटीच येते. म्हणून प्रत्येक भागावर एकूण संख्याही हवी: ‘शिष्यवृत्ती १/३’, ‘शिष्यवृत्ती २/३’, ‘शिष्यवृत्ती ३/३’. यांपैकी कोणताही एक भाग हाती आला तरी बाकीचे किती हवेत ते समजते. विषयाचे नाव पट्टीतल्या निरोप-क्रमांकाचे काम करते.

अर्थात, एकूण संख्या आधी ठाऊक हवी. त्यासाठी सर्व मजकूर लिहून, त्याचे भाग पाडून मगच पहिला पाठवावा. ऐनवेळी चौथा भाग सुचला तर तो ‘४/३’ म्हणून जोडू नये. चारही भाग नव्या खुणांनी पुन्हा पाठवावेत.

ही खूण हरवलेला भाग परत आणत नाही, आणि पाठविणाऱ्याला तो हरवल्याचे कळतही नाही. तेव्हा २/३ वर निरोप थांबला, तर घेणाऱ्यानेच उलट विचारावे: ‘शिष्यवृत्ती ३/३ मिळाला नाही, पाठवावा.’