सुईला आठवणारी उष्णता

रस्त्याखालून उच्चदाबाची वीजकेबल टाकायची, तर आधी तिथली माती तपासावी लागते. प्रश्न असा, की केबलमधून सतत बाहेर पडणारी उष्णता ही माती पुरेशी वाहून नेईल का? माती कमी पडली, तर केबल तापत जाते आणि तिचे विद्युतरोधक आवरण खराब होते. ही तपासणी एका बारीक धातूच्या सुईने होते. सुईच्या पोटात एक तापक तार असते आणि शेजारी तापमान मोजणारा संवेदक. सुई मातीत खुपसायची, तार सुरू करायची आणि तापमान कसे चढते ते टिपत राहायचे.

या चढणीवरून मातीची उष्णतावाहकता काढायची तर गणित अडते. उष्णता पसरण्याचे समीकरण फुरिएने 1822 च्या ग्रंथात मांडले. सुरुवातीचे तापमान दिले, की पुढे काय होईल हे त्यावरून सांगता येते. इथे मात्र क्षणोक्षणी नवी उष्णता येऊन पडते, आणि आधी आलेली त्याच वेळी पसरतही असते.

वाट काढली झां-मारी द्युहामेल या फ्रेंच गणितज्ञाने. भोवतालचे तापमान काळानुसार बदलत असेल तर घनपदार्थात उष्णता कशी फिरते, यावर त्याचा निबंध 1833 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली कल्पना सुईला लावून पाहू. तार एकच सेकंद पेटली आणि विझली, असे समजा. त्या सेकंदानंतर नवी उष्णता येत नाही. मातीत एका रेषेवर थोडी ऊब ठेवलेली आहे आणि ती पसरते आहे, एवढेच उरते. म्हणजे स्रोत नाहीसा होतो आणि त्याच्या जागी नुसती सुरुवातीची स्थिती येते. हे गणित फुरिएपासून सोडवता येत होते! आता पुढच्या सेकंदाची ऊब तशीच स्वतंत्रपणे पसरू द्या, मग त्यापुढच्या सेकंदाची. आजचे तापमान हवे असेल, तर मागच्या प्रत्येक सेकंदाच्या उबेतून या घडीला जे शिल्लक आहे, त्याची बेरीज करायची. सेकंद हवे तेवढे बारीक केले, की बेरजेचे संकलन होते.

आकडे घेऊ. तार दर मीटर लांबीला 10 वॅट उष्णता देते आणि ओलसर वाळूमिश्रित मातीची वाहकता दर मीटर, दर अंश 1.5 वॅट आहे. एका सेकंदाची ऊब एका मिनिटाने सुईपाशी 0.009 अंशाच्या आसपास उरते, आणि दहा मिनिटांनी तिच्या दहाव्या भागाइतकी. वय दहापट झाले की शिल्लक दहाव्या हिश्शावर. सुईपासून 3 सेंटिमीटर दूर चित्र वेगळे असते: तिथे तीच ऊब आधी जवळजवळ जाणवतच नाही, सुमारे सव्वापाच मिनिटांनी शिखर गाठते आणि मग ओसरते. उशिरा पोचणाऱ्या उष्णतेचा हिशेबही त्याच बेरजेत आपोआप होतो.

सुईपाशी या नियमातून एक सुरेख गोष्ट निघते. एक ते दहा मिनिटे वयाच्या उबेचा वाटा आणि दहा ते शंभर मिनिटे वयाच्या उबेचा वाटा सारखाच भरतो. जुन्या सेकंदांची शिल्लक दहाव्या हिश्शाची, पण ते सेकंद दहापट. म्हणून तापमान पहिल्या ते दहाव्या मिनिटात 1.22 अंशांनी चढते, आणि पुढचे तेवढेच चढायला शंभरावे मिनिट उजाडते. वेळेचा लॉगरिदम आडव्या अक्षावर घेतला, तर आलेख सरळ रेषेत येतो. रेषा जितकी उभी, तितकी माती उष्णता वाहून नेण्यात कमकुवत. वाहकता 0.3 असलेल्या कोरड्या मातीत हीच चढण सहा अंशांच्या पुढे जाते.

रेषेची टोके मात्र वाकतात. सुरुवातीला सुई स्वतः तापत असते आणि तिच्या व मातीच्या मधल्या फटीचाही परिणाम असतो. फार उशिरा सुईची लांबी मर्यादित असल्याचे जाणवू लागते. अनुभवी माणूस मधलाच सरळ भाग घेतो.

बेरजेला एक अट आहे: एका सेकंदाच्या उबेने दुसऱ्या सेकंदाच्या उबेची वाट बदलता कामा नये. ओल्या मातीत ही अट मोडू शकते. तारेने फार उष्णता दिली, तर ओलावा सुईपासून दूर सरकतो, जवळची माती कोरडी पडते, आणि नंतरची ऊब वेगळ्याच मातीतून पसरते. हे ओळखायला तार बंद करून थंड होण्याचा आलेखही घेतात. त्याचेही गणित तेच: बंद केल्यानंतरचे सेकंद बेरजेत नसतात. दहा मिनिटे तापवून आणखी दहा मिनिटे थांबले, तर वरच्या मातीत 0.37 अंशाची वाढ उरायला हवी. तापताना आणि थंड होताना आलेल्या वाहकता जुळल्या नाहीत, तर उष्णता कमी करून, माती पूर्ववत झाल्यावर मोजणी पुन्हा करावी लागते.