नाव वेगळं, औषध तेच

आईची औषधं आजवर भाऊच आणायचा. तो पुण्याला बदलून गेला आणि चिठ्ठी बहिणीच्या हातात आली. असं पहिल्यांदा मेडिकलमध्ये आलेलं गिऱ्हाईक सोलापुरात सिव्हिलच्या आसपासच्या कुठल्याही काउंटरवर दिसेल. पुढचा संवाद रचलेला आहे, पण त्यातले प्रश्न रोज विचारले जातात आणि त्यातले गैरसमज घरोघरी आहेत.

या आईचं वय ६६. आयुष्यभर विड्या वळल्या, आता गुडघे बोलतात. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. डॉक्टर नुकतेच बदललेत. नव्या चिठ्ठीवर तीन गोळ्या आहेत. मुलगी शहाणी, कारण घरातल्या जुन्या पट्ट्याही पिशवीत घालून आणल्यात.

मुलगी : काका, या तीन गोळ्या द्या. आणि या घरातल्या दोन संपल्या की मग लागतील, तेव्हा येईन.

फार्मासिस्ट : थांबा ताई. घरातल्या या दोन चालूच ठेवणार आहात?

मुलगी : होय की. या बीपीच्या जुन्या, आणि चिठ्ठीतली पहिली बीपीची नवीन. नाव वेगळं आहे ना.

फार्मासिस्ट : नाव सोडा, पट्टी उलटी करा. मागं काय लिहिलंय ते वाचा.

मुलगी : यावर टेल्मिसार्टन ४० एमजी. दुसरीवर अॅम्लोडिपिन ५ एमजी.

फार्मासिस्ट : आता ही नवी पट्टी वाचा.

मुलगी : टेल्मिसार्टन ४०... आणि अॅम्लोडिपिन ५. अय्या, दोन्ही एकातच!

फार्मासिस्ट : डॉक्टरांनी दोन गोळ्यांची एक केलेली दिसतीय. तुम्ही तिन्ही दिल्या असत्या तर आईच्या पोटात दोन्ही औषधं दुप्पट गेली असती.

औषधाचं दुकानात चालणारं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, आणि एकाच औषधाला अशी डझनावारी नावं असतात. डॉक्टर बदलला की कंपनीचं नाव बदलतं, आतलं औषध बहुतेक वेळा तेच राहतं. टेल्मिसार्टन ८० आणि अॅम्लोडिपिन १० हेही डोस काहींना दिले जातात, पण ते डॉक्टरनं ठरवून. नकळत दुप्पट झालं तर आई उठून उभी राहताना तिला गरगरेल, पायाच्या घोट्यांना सूज येईल, बाथरूममध्ये तोल जाईल. घरचे म्हणतील, वयामुळं होतंय. डोस दुप्पट झालाय, ही शंका शेवटीच येते. म्हणून अशा वेळी फार्मासिस्टनं चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन लावून 'जुन्या दोन बंद ना?' एवढं विचारणं हे त्याचं कामच आहे. जुनी पट्टी बंद करायचा निर्णय मात्र डॉक्टरचा, दुकानदाराचा नाही आणि मुलीचाही नाही.

मुलगी : डॉक्टर हो म्हणाले ना? बरं. मग ही नवी गोळी स्वस्तात मिळत नसेल का? जनऔषधीत म्हणे निम्म्याहून कमी किमतीत मिळते. पण स्वस्त म्हणजे कमी पॉवरची असणार.

फार्मासिस्ट : माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतो, पण तसं नाही. ४० एमजी म्हणजे ४० एमजीच. पट्टीवर आयपी लिहिलंय बघा, त्या मापात महागडी आणि स्वस्त दोघींनाही बसावं लागतं.

मुलगी : मग तुम्हीच बदलून द्या की.

फार्मासिस्ट : ते मला करता येत नाही.

आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधाच्या शुद्धतेची आणि प्रमाणाची सरकारी मोजपट्टी. किमतीतला फरक बराचसा जाहिरात, कंपनीचे प्रतिनिधी आणि मधल्या टक्केवारीचा असतो. नमुने तपासणीत नापास होतात हे खरं, आणि केंद्रीय औषध नियंत्रक संस्था त्यांची यादी दर महिन्याला काढते, पण नापास होण्यावर स्वस्त औषधांचीच मक्तेदारी नाही. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर फार्मासिस्टनं आपल्या मनानं दुसरं देऊ नये, असं १९४५चे औषध नियम सांगतात. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव लिहून दिलं तर मात्र कुठल्याही कंपनीचं घेता येतं, तेव्हा स्वस्त हवं असेल तर ते दवाखान्यातच बोलून घ्यावं. थायरॉइडच्या, फिटच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या याला अपवाद. त्यांच्या डोसात बारीक फरकानंही बिघडतं, म्हणून एकदा बसलेली कंपनी डॉक्टरला विचारल्याशिवाय बदलू नये.

मुलगी : आणि ही शुगरची. केवढी मोठी आहे! आईला गिळवत नाही. भाऊ खलबत्त्यात कुटून दुधातून द्यायचा.

फार्मासिस्ट : ही? नावापुढं एसआर लिहिलंय. ही कुटायची नाही.

मुलगी : पोटात जाऊन फुटणारच ना शेवटी?

फार्मासिस्ट : फुटते, पण सावकाश. तेच तर तिचं काम.

ही मेटफॉर्मिन ५०० एसआर, चिठ्ठीवर १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, जेवणानंतर. एसआर गोळीत औषध अशा थरात बांधलेलं असतं की ते पोटात भिजून फुगतं आणि कित्येक तास थोडंथोडं सुटत राहतं. कुटली की सगळं एकदम सुटतं. मळमळ, जुलाब, पोटात कळ, आणि पुढच्या तासांसाठी उरत काहीच नाही. आई म्हणते 'ही गोळी मानवत नाही', आणि दोष खलबत्त्याचा असतो. काही एसआर गोळ्यांवर मधोमध रेघ असते, त्या दोन तुकडे करून चालतात, सगळ्या नाहीत. गिळणं जमतच नसेल तर डॉक्टरांना तसं सांगावं, साधी मेटफॉर्मिन छोट्या गोळीत मिळते. उलट बाजूही माहीत असावी. संडासातून कधी गोळीचं मऊ टरफल जसंच्या तसं पडलेलं दिसतं आणि घरात घबराट होते. औषध सुटून गेलेलं असतं, ते नुसतं रिकामं टरफल.

मुलगी : एवढंच. आणि हो, गुडघ्याची एक पट्टी द्या, ती लाल-पिवळी. शेजारच्या काकू घेतात.

फार्मासिस्ट : ती नाही देणार.

मुलगी : साधी दुखण्याची गोळी आहे हो!

इथं काका काउंटरवरून वाकून हळू बोलले, कारण मागं रांग लागली होती. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळं बीपी वर जातं आणि सकाळची गोळी अर्धी फुकट जाते. दुसरा त्रास मूत्रपिंडाचा. टेल्मिसार्टन आणि ही गोळी, दोन्ही मिळून मूत्रपिंडातला रक्ताचा दाब उतरवतात. त्यात मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार, म्हातारं माणूस पाणी कमी पितं, आणि मूत्रपिंड अडचणीत येतं. लघवी कमी होणं, पाय सुजणं, अंगात काही राम नसणं ही त्याची चिन्हं. काकूंना बीपीचं औषध चालू नसेल, तर त्यांना ती चाललीही असेल. आईसाठी गुडघ्याचं वेगळं विचारून आणावं लागेल.

मुलगी : बरं, मग तीनच द्या. पंधरा-पंधरा.

फार्मासिस्ट : शुगरच्या तीस लागतील, दिवसाला दोन आहेत. कोलेस्टेरॉलची ही रात्रीची, पंधराच. पट्टी वीसची आहे, पाच कापून ठेवून घेतो.

मुलगी : कुठूनही कापा.

फार्मासिस्ट : कुठूनही नाही. तारीख आणि बॅच नंबर ज्या बाजूला आहे ती तुम्हाला. घरी गेल्यावरही त्या टोकाची गोळी शेवटी काढा. आणि बिल घ्या. यावर ०३ लिहिलंय ना, म्हणजे मार्चच्या एक तारखेला संपली असं नाही, ३१ मार्चपर्यंत चालते.

मुलगी : आणि या जुन्या दोन पट्ट्या?

फार्मासिस्ट : त्या परत डब्यात ठेवू नका. आईला नावं वाचता येत नसतील, तर ती रंग बघून गोळी घेणार.