भिंतीतला आरपार दगड

गावाकडच्या घराची डागडुजी किंवा जागेला कुंपण घालण्याचं काम आपल्यापैकी अनेकजण इथून पैसे पाठवून करून घेतात. भिंत यू.सी.आर. म्हणजे ओबडधोबड दगडांची असेल, तर पुढचं जरूर वाचा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथल्या भिंती दोन-दोन फूट आणि त्याहूनही जाड होत्या, तरी पडल्या. याचं कारण त्या भिंतीच्या पोटात होतं. अशी भिंत वास्तविक दोन भिंतींची असते. गवंडी बाहेरून एक तोंड रचतो, आतून दुसरं, आणि मधे माती व कपच्या भरतो. दोन्ही तोंडांना बांधणारं काही नसेल तर हादऱ्याने ती एकमेकांपासून सुटतात, मधला भराव खाली बसतो, भिंतीला पोट येतं आणि वरचं मातीचं जड माळवद घरात कोसळतं. भूकंप नसला तरी पावसाचं पाणी मुरून हेच होतं, फक्त सावकाश.

हे टाळतो तो आरपार दगड, गवंड्यांच्या भाषेत हेडर. भिंत दीड फुटाहून जाड नको. दर दोन फूट उंचीवर एक ओळ घ्यायची, आणि ओळीत दोन हेडरमधलं अंतर चार फुटांहून जास्त ठेवायचं नाही. शंभर फूट लांब, पाच फूट उंच कुंपणाला दोन ओळी लागतात, म्हणजे साधारण पन्नास दगड. इतके लांब दगड निवडून काढावे लागतात, म्हणून कंत्राटदार ते गाळतो! पूर्ण लांबीचा दगड मिळत नसेल तर भिंतीच्या पाऊण जाडीचे दोन दगड, एक या बाजूने, एक त्या बाजूने, शेजारी-शेजारी बसवले तरी चालतात.

मालाचंही तसंच. एकास सहा सिमेंट-वाळूचा माल दगडांच्या मधल्या पोकळीपर्यंत गेला पाहिजे. मोठ्या फटीत कपची मालात दाबून बसवावी. नुसता माल कोंबला तर तो आकसून तडकतो. बाहेरून दर्जा भरून भिंत देखणी दिसते, पण आत कोरड्या कपच्या असू शकतात. पूर्ण झालेल्या भिंतीवरून हे ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक दोन फुटांवर, वरचा थर चढण्याआधी, वरून काढलेला फोटो मागवा. त्यात हेडरची दोन्ही टोकं दिसली पाहिजेत.

जुनी भिंत असेल आणि तिला अजून पोट आलेलं नसेल, तर ती पाडायची गरज नाही. ठरलेल्या अंतरावर एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करतात, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरतात. घण मात्र मारू द्यायचा नाही. पहारीने दगड सैल करायचा.