न मोजता मोजायचं कसं? पाण्यातले जिवाणू आणि एमपीएन

मागच्या भागानंतर मायक्रोबायोलॉजीच्या बऱ्याच मुलांनी एकच प्रश्न पाठवला. प्रॅक्टिकलला एमपीएनचा तक्ता देतात, त्यात 5-2-0 शोधलं की समोर 49 सापडतं, ते जर्नलमध्ये लिहायचं आणि सही घ्यायची. पण हे 49 आले कुठून? आज फक्त तेवढंच बोलूया.

मी एमएस्सीला असताना आमच्या हॉस्टेलवर एका आठवड्यात निम्म्या मुलींची पोटं बिघडली. संशय गच्चीवरच्या टाकीवर होता. टाकीचं झाकण तुटलेलं आणि वर कबुतरांचा अड्डा. आम्ही तिघी जणी उत्साहात बाटली भरून लॅबमध्ये घेऊन गेलो. 48 तासांनी बघतो तर पंधराच्या पंधरा नळ्या स्वच्छ! रेक्टरबाई खूश. आमच्या सरांनी मात्र एकच विचारलं, "बाटलीत थायोसल्फेट होतं का गं?" नव्हतं. रोज सकाळी शिपाई टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायचा, आणि आम्ही त्यानंतर लगेच पाणी भरलं होतं. लॅबला पोचून नळ्या लावेपर्यंत चार तास गेले. तेवढा वेळ क्लोरीन बाटलीत आपलं काम करतच होता. म्हणजे आम्ही तपासलं ते चार तास जास्त क्लोरीन खाल्लेलं पाणी. मुली पीत होत्या ते वेगळंच. सोडियम थायोसल्फेट क्लोरीनला तिथल्या तिथे निष्प्रभ करतं, म्हणून ते निर्जंतुक बाटलीत आधीच घालून ठेवायचं असतं. बाटली विसळायची नाही, नाहीतर तेच वाहून जातं.

दुसऱ्या दिवशी नीट बाटली नेली, बर्फाच्या डब्यात ठेवून आणली आणि परत पंधरा नळ्या लावल्या.

आता या नळ्यांत शोधायचं काय? टायफॉइडचा जंतू थेट शोधणं अवघड. पाण्यात तो मोजकाच असतो, आणि आज नसला म्हणून उद्या नसेल असं नाही. म्हणून आपण विष्ठेच्या खुणा शोधतो. कोलिफॉर्म हा जिवाणूंचा गट लॅक्टोज आंबवून आम्ल आणि वायू तयार करतो. त्यातले काही माती-पाल्यातही राहतात, त्यामुळे नुसते कोलिफॉर्म सापडले म्हणजे मैला मिसळला असं म्हणता येत नाही. ई. कोलाय मात्र उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातला रहिवासी. तो सापडला की विष्ठा पाण्यात आलीच. पण कोणाची, हे तो सांगत नाही. माणसाची की कबुतराची, ते आपण गच्चीवर जाऊन बघायचं.

नळ्यांत मॅकॉन्की ब्रॉथ असतो, जांभळ्या रंगाचा, आणि आत एक छोटी उलटी डरहॅम नळी. पाच नळ्यांत 10 मिली पाणी, पाचांत 1 मिली, पाचांत 0.1 मिली. दहा मिलीवाल्या नळ्यांत ब्रॉथ दुप्पट तीव्रतेचा घ्यायचा, कारण पाणी घातल्यावर तो पातळ होतो. मग 37 अंशाला 24 तास, आणि काही दिसलं नाही तर 48 तास. जांभळ्याचा पिवळा झाला आणि डरहॅम नळीत बुडबुडा अडकला, की ती नळी पॉझिटिव्ह. एक सवय लावून घ्या, पाणी घालायच्या आधीच प्रत्येक डरहॅम नळी बघा. ऑटोक्लेव्हनंतर हवेचा बुडबुडा आत राहिला असेल, तर तो तुम्हाला दोन दिवसांनी फसवतो.

आमच्याकडे दहा मिलीच्या पाचही नळ्या पॉझिटिव्ह, एक मिलीच्या दोन, आणि 0.1 च्या शून्य. म्हणजे 5-2-0. पण हा फक्त पहिला अंदाज, कारण लॅक्टोज आंबवणारे दुसरेही जिवाणू असतात. म्हणून पॉझिटिव्ह नळीतला थेंब ब्रिलियंट ग्रीन बाइल ब्रॉथमध्ये घालून पुन्हा वायू येतो का ते पाहिलं. सातही नळ्या टिकल्या. मग 44.5 अंशाला लावल्यावरही वायू आला आणि इंडोल चाचणीत लाल कडं दिसलं. ई. कोलाय!

आता मूळ प्रश्न. मेसच्या कढईतले पोहे डोळ्यांसमोर आणा. कढईत शेंगदाणे किती, ते मोजायचं नाहीये. पाच मोठ्या डिश भरल्या, सगळ्यांत शेंगदाणा सापडला. पाच छोट्या वाट्या भरल्या, दोघींतच सापडला. पाच चमचे घेतले, एकातही नाही. शेंगदाणे किती असतील, याचा अंदाज तुम्ही लगेच बांधता ना? त्यातही खरी माहिती मधल्या वाट्यांनीच दिली. सगळ्याच भरल्या किंवा सगळ्याच रिकाम्या निघाल्या, तर फारसं कळत नाही.

तेच आकड्यांत करू. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरा. एक मिलीच्या पाचपैकी तीन नळ्या रिकाम्या, म्हणजे 0.6. जिवाणू पाण्यात कुठेही, कसेही विखुरलेले असतील, तर रिकाम्या नळ्यांच्या प्रमाणावरून सरासरी अशी निघते:

```
-ln(0.6) = 0.51
```

म्हणजे एका मिलीत सरासरी 0.51 जिवाणू, 100 मिलीत 51. आता बाकीच्या नळ्यांना विचारू, तुम्हाला हे पटतं का? दहा मिलीत सरासरी पाच जिवाणू पडणार. त्यातली कोणतीही एक ठरावीक नळी रिकामी राहण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी, म्हणून पाचही पॉझिटिव्ह आल्या. 0.1 मिलीत सरासरी 0.05, म्हणून पाचही रिकाम्या राहिल्या यातही नवल नाही. तिन्ही रांगांना एकदम सगळ्यात जास्त पटणारा आकडा काढला की 51 जरा खाली सरकून 49 होतो. मोस्ट प्रॉबेबल नंबर म्हणजे हेच! ही पद्धत मॅक्रॅडी यांनी 1915 मध्ये मांडली.

मग टाकीत 100 मिलीला बरोबर 49 जिवाणू होते का? नाही हो. तक्त्यात शेजारी 95 टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. 5-2-0 साठी ती खाली पंधरा-वीसपासून वर दीडशेच्या आसपास जाते. त्यामुळे कालचं 33 आणि आजचं 49 बघून "पाणी बिघडलं" असं लिहू नका. शिवाय सगळं गणित जिवाणू सारखे विखुरलेत या गृहीतावर उभं आहे. बाटली जोरात हलवली नाही, तर शेंगदाणे कढईच्या एका कोपऱ्यात राहतात.

आमच्यासाठी 49 असो की 150, निर्णय एकच होता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, 100 मिलीत ई. कोलाय सापडताच कामा नये. टाकी रिकामी केली, घासली, झाकण बदललं. आठवड्याने परत पंधरा नळ्या लावल्या, यावेळी थायोसल्फेटसकट, आणि आलं 0-0-0.

मी आनंदाने जर्नलमध्ये "शून्य" लिहिलं आणि सरांनी ते खोडलं. म्हणाले, "नळ्यांत एकूण पाणी किती गेलं, ते मोज." 50 अधिक 5 अधिक अर्धा, म्हणजे 55.5 मिली. 100 मिलीबद्दल शून्य म्हणायला आम्ही 100 मिली पाणी बघितलंच नव्हतं. तक्ताही तिथे शून्य लिहीत नाही, "2 पेक्षा कमी" असं लिहितो. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यासाठी वेगळी मांडणी घेतात, 50 मिलीची एक नळी आणि 10 मिलीच्या पाच. बेरीज बरोबर 100. आम्ही दुसऱ्या दिवशी तीच लावली. सहाही नळ्या जांभळ्याच राहिल्या.