दुकानाचं नाव बदललं. जुन्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

दुकानाचं नाव बदललं की जुनं गिऱ्हाईक आधी एकच विचारतं: मालक बदलला काय? जाहिरातीत याचं उत्तर पहिल्याच ओळीत हवं. नव्या लोगोचं कौतुक नंतर.

समजा, बेळगावात कुंदा विकणाऱ्या एका दुकानाने नवं नाव घेतलं. मालक तोच असेल तर पॅन तोच राहतो आणि जीएसटी क्रमांकही. बदलतं ते नोंदणीतलं व्यापारी नाव. त्यासाठी १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. म्हणून ‘पूर्वीचं नाव अमुक, मालक तेच, जीएसटी क्रमांक तोच’ असं ठळक छापावं. गिऱ्हाईक जुनं बिल काढून स्वतः ताडून बघू शकतं. १५ अक्षरी क्रमांकात सुरुवातीचे २९ हे कर्नाटकाचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. ती दहा अक्षरंच वेगळी असतील तर धंदा दुसऱ्याच्या नावावर गेलाय. मग ‘फक्त नाव बदललं’ म्हणणं खोटं. वडिलांकडून मुलाकडे दुकान आलं तरी असंच होतं, तेव्हा ते सरळ सांगावं.

खरी गडबड काउंटरवर होते. पाटी नवी, पण क्यूआर स्कॅन केल्यावर फोनवर जुनं नाव. गिऱ्हाईक पैसे पाठवायला कचरतं. बँकेतलं नाव बदलेपर्यंत कोणतं नाव दिसेल, ते क्यूआरशेजारीच लिहून ठेवावं. आगाऊ पैसे दिलेल्या ऑर्डरी आणि जुनी कुपनं चालतील, हेही लिहावं. पिशवीवरचं ‘पूर्वीचे अमुक’ मात्र वर्षभर तरी काढू नये. गोवा-कोल्हापूरकडची कितीतरी गिऱ्हाइकं सणासुदीलाच येतात.