फोन आला, पण वाजला नाही!
(शेतकी विभागाकडून)



हंगामात आमच्याकडे एक तक्रार वारंवार येते. मुकादम म्हणतो, "फोन केला, उचलला नाही." शेतकरी म्हणतो, "फोन वाजलाच नाही." पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात. गेल्या हंगामात आमच्या गटात घडलेला प्रकार सांगतो.

एका सभासदाच्या खोडव्याला तोड आली होती. मुकादमाने पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी फोन केला, नंतर ६ वाजून ५ मिनिटांनी पुन्हा केला. उत्तर नाही. वाट कोणत्या बांधाने काढायची हे सांगायला कुणी नाही, म्हणून टोळी शेजारच्या फडात गेली. यांचा ऊस आणखी सहा दिवस उभा राहिला.

सभासद गटऑफिसात आले ते रागानेच. आम्ही प्रथम त्यांच्या फोनमधील कॉलची यादी पाहिली. दोन्ही कॉल 'मिस्ड' म्हणून लाल अक्षरांत होते. इथेच अर्धा उलगडा झाला. फोन बंद असता किंवा रेंज नसती, तर कॉल यादीत अशी नोंद सहसा पडली नसती. म्हणजे कॉल फोनपर्यंत पोचला होता, घंटी फोननेच दाबली होती.

ते म्हणाले, "साहेब, काल दुपारी तुमच्या शिपायाने लावून बघितला, वाजला की! रात्री साडेदहाला पुण्याहून पोराचा आला, तोही वाजला. मग मुकादमाचाच का वाजत नाही?"

या प्रश्नातच उत्तर होते. फोन गप्प राहण्याची कारणे तीन, आणि कोणाचा फोन वाजतो, कोणाचा वाजत नाही, यावरून ती ओळखता येतात.

कोणाचाच फोन, कोणत्याच वेळी वाजत नसेल तर फोन सायलेंटवर आहे किंवा घंटीचा आवाज शून्यावर गेला आहे. सायलेंट असेल तर बहुतेक फोनवर वरच्या पट्टीत काट मारलेली घंटा दिसते. बाजूचे आवाजाचे बटण दाबा, पडद्यावर घंटेचे चित्र येईल, त्यावर बोट टेकवून घंटी चालू करा.

घंटी वाजते पण बारीक, असे असेल तर आवाज तपासा. इथे बरेच जण फसतात. भजन लावले की मोठ्याने ऐकू येते, म्हणून फोनचा आवाज ठीक आहे असे वाटते. पण गाण्याचा आवाज निराळा आणि घंटीचा निराळा. बाजूचे बटण पुष्कळ फोनांत गाण्याचाच आवाज वाढवते. घंटीसाठी Settings मध्ये Sound & vibration उघडून Ring volume ची पट्टी उजवीकडे सरकवावी लागते. सकाळचा गजर वाजतो, हाही पुरावा धरू नका. सायलेंटवरही गजर वाजतो.

काहींचा वाजतो, काहींचा नाही, किंवा ठराविक वेळीच वाजत नाही, असे असेल तर ते Do Not Disturb समजावे. याची खूण म्हणजे चंद्रकोर किंवा आडवी रेघ असलेले वर्तुळ. आमच्या सभासदांचे हेच झाले होते. रात्री मेसेजच्या आवाजाने झोपमोड होते म्हणून नातवाने रात्री १० ते सकाळी ७ ची वेळ लावून दिली होती. मुलाच्या नावापुढे चांदणी होती आणि चांदणीवाल्यांना मुभा होती, म्हणून त्याचा फोन वाजला. दुपारी बंदीच नव्हती, म्हणून शिपायाचाही वाजला. मुकादमाचा नंबर साठवलेलाच नव्हता.

त्यात Repeat callers अशी एक सोय असते. ती चालू असेल तर त्याच नंबरावरून १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजतो. इथे ती चालू होती, पण मुकादमाच्या दोन कॉलांत २५ मिनिटांचे अंतर पडले!

आम्ही Do Not Disturb मधील Schedules उघडून ती वेळ हंगामापुरती बंद केली. ज्यांना रात्रीची शांतता हवीच आहे, त्यांनी चिटबॉय व मुकादम यांचे नंबर साठवून त्यांना चांदणी द्यावी आणि चांदणीवाल्यांचे कॉल येऊ द्यावेत. मात्र फोन सायलेंटवर असेल तर चांदणीचाही उपयोग नाही, हे ध्यानात ठेवावे. कंपनीप्रमाणे पडद्यावरचे शब्द थोडे बदलतात.

शेवटी तपासणीची रीत. घरच्या नंबरावरून फोन लावून खात्री होत नाही, कारण घरच्यांना बहुधा मुभा दिलेली असते. साठवलेला नाही अशा नंबरावरून, आणि ज्या वेळी टोळीचा फोन यायचा त्याच पहाटेच्या वेळी लावून पाहावे. तोडीचा प्रोग्रॅम लागण्यापूर्वी एवढे जरूर करावे, ही विनंती.